ऑफिसचा क्रीडादिन: कोणीही बाद न होणारे, कोणीही जखमी न होणारे नियम

ऑफिसचा क्रीडादिन फसतो तो बहुधा मैदानावर पोहोचण्याच्या आधीच. कोणीतरी ग्रुपवर खेळांची यादी टाकतं: क्रिकेट, कबड्डी, 100 मीटर, रस्सीखेच. ती यादी वाचूनच निम्मे लोक मनातल्या मनात प्रेक्षक होतात. उरलेल्यांतले बरेच जण वर्षातून एकदा पळणारे असतात, आणि त्यांतला एखादा मांडीचा स्नायू धरून खाली बसतो. गेली काही वर्षं आमच्या ऑफिसचा क्रीडादिन ठरवण्याचं काम माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी मीही यादीपासूनच सुरुवात केली होती. रिलेची शेवटची रेघ मी कुंपणाच्या भिंतीपासून चार पावलांवर आखली. शेवटचा धावपटू जिंकला, पण त्याला थांबता आलं नाही. मनगट मोडलं. तेव्हापासून मी आधी माणसं बघतो, मग जागा आणि सगळ्यात शेवटी खेळ.

खालची पद्धत साधारण 90 जणांच्या पुण्यातल्या ऑफिससाठी लिहिली आहे. जानेवारीतला शनिवार, भाड्याने घेतलेलं मैदान, शेजारी जाळी लावलेले दोन टर्फ. 64 जणांनी नाव दिलं आहे. तुमचा आकडा वेगळा असेल, पण पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

## टप्पा 1: तीन आठवडे आधी, माणसांना विचारा

फॉर्ममध्ये एकच प्रश्न ठेवा: "यातलं काय करायला आवडेल?" आणि तीन पर्याय द्या.

1. धावायचं किंवा जोर लावायचा खेळ
2. चालत किंवा उभ्याने खेळायचा खेळ
3. बसून खेळायचा खेळ

एकाहून जास्त पर्यायांवर खूण करायची मुभा असू द्या. कारण मात्र विचारू नका. "गुडघा दुखतो का, बीपी आहे का, गरोदर आहात का" असे रकाने फॉर्ममध्ये आले की लोक एकतर खोटं लिहितात किंवा फॉर्मच भरत नाहीत. शिवाय ही खासगी माहिती तुमच्या एक्सेल शीटमध्ये पडून राहते, तिथे तिचं काही काम नसतं.

आरोग्याचे प्रश्न विचारायचेच आहेत, पण ते माणसाने स्वतःला विचारायचे. फॉर्मसोबत एक वेगळा कागद द्या. तो परत घ्यायचा नाही. त्यावर एवढंच असावं: श्रम केल्यावर छातीत दुखतं का? गेल्या काही महिन्यांत चक्कर येऊन पडला आहात का? हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास डॉक्टरांनी सांगितला आहे का? हर्निया आहे का, किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे का? हालचालीने वाढणारं सांध्याचं किंवा पाठीचं दुखणं आहे का? गरोदर आहात का? एकाचंही उत्तर "हो" असेल तर पहिला पर्याय निवडण्याआधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर दुसरा किंवा तिसरा निवडा.

सूचना: दिव्यांग सहकाऱ्याला परस्पर "तू गुण लिही" असं सांगू नका. आपण सोय केली असं आपल्याला वाटतं, पण प्रत्यक्षात आपण त्याला खेळाबाहेर काढलेलं असतं. फॉर्म त्याच्याकडेही तसाच जाऊ द्या. गुण लिहायचे की खेळायचं हे तो ठरवेल.

तारीख पक्की करण्याआधी कॅलेंडर उघडा. एकादशी, रमजानचा महिना, महिनाअखेरचं क्लोजिंग, मुलांच्या परीक्षा, यांपैकी काहीही आडवं आलं तर माणसं गळतात. महाराष्ट्रात डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी उत्तम. मार्चपासून पुढे विदर्भ-मराठवाड्यात सकाळी 10 नंतर मैदानावर काहीही ठेवू नका.

## टप्पा 2: जागा स्वतः चालून बघा

मैदान फोनवर ठरवू नका. दोघांनी जाऊन ते ज्या वेळी वापरायचं आहे त्याच वेळी बघा. थंडीत सकाळी गवतावर दव असतं आणि दुपारी पाहणी करणाऱ्याला ते दिसत नाही. दवावर बूट घसरतात. तळवा गवतावर फिरवून बघा. हात ओला होत असेल तर त्या वेळी तिथे धावायचा खेळ ठेवायचा नाही.

पाहणीत चार गोष्टी तपासा. पहिली म्हणजे शेवटच्या रेघेपलीकडची मोकळी जागा. जोरात धावणाऱ्या माणसाला थांबायला किमान 10 मीटर सपाट जागा लागते, आणि तिथे भिंत, खांब, खुर्च्या किंवा व्हिडिओ काढणारे मित्र नकोत. दुसरी, जमिनीतले खड्डे आणि वर आलेली पाण्याच्या नळांची तोंडं. तिसरी, पार्किंगपासून मैदानापर्यंत पायऱ्या न चढता जाता येतं का. चौथी, स्वच्छ स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा. या चौथ्या मुद्द्याकडे आयोजक पुरुष असतील तर हमखास दुर्लक्ष होतं. मग नाव दिलेल्या बायका पाणी न पिता उन्हात उभ्या राहतात, किंवा येतच नाहीत.

ऑफिसच्या पार्किंगमधल्या काँक्रीटवर धावणं, पोत्यांची शर्यत किंवा रस्सीखेच घेऊ नका. मोकळं मैदान मिळालं नाही तर हे खेळ यादीतून काढा आणि कॅरम, नेमबाजी, बुद्धिबळ यांवर दिवस बेता.

## टप्पा 3: चारच खेळ निवडा

आमच्या बेतात चार सांघिक खेळ आहेत: मिश्र रिले, जोडी क्रिकेट, रस्सीखेच आणि कॅरम दुहेरी. यांत तिन्ही पर्यायांच्या लोकांना जागा मिळते.

कबड्डी मी घेत नाही. खेळ म्हणून ती मला मनापासून आवडते. पण सराव नसलेल्या माणसांमध्ये घोट्याची पकड आणि अंगावर पडणारे तिघे-चौघे म्हणजे दुखापत ठरलेलीच, आणि ऑफिसमध्ये अशा अंगलटीच्या खेळाने अवघडलेपणही येतं. संगीतखुर्चीत शेवटच्या दोन खुर्च्यांवर धक्काबुक्की होते. तीन पायांच्या शर्यतीत दोघे एकत्र पडतात आणि बांधलेल्या पायांमुळे सावरता येत नाही. त्यांच्या जागी काही हवंच असेल तर लगोरी घ्या, मात्र मऊ चेंडूने आणि खांद्याच्या वर मारायचं नाही या अटीवर.

## टप्पा 4: संघ पाडा, पण सर्वांसमोर नाही

दोन पद्धती टाळा. एक म्हणजे विभागवार संघ. सेल्समध्ये पंचविशीतली पोरं आणि अकाउंट्समध्ये पन्नाशीतले लोक असतील तर निकाल ग्रुपवरच लागलेला असतो. दुसरी, दोन कप्तानांनी आळीपाळीने माणसं निवडणं. शेवटी उरलेल्या माणसाला ते वर्षभर लक्षात राहतं.

फॉर्मच्या चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा. पहिल्या पर्यायावर खूण केलेले एका ढिगात, उरलेल्यांपैकी दुसऱ्या पर्यायावर खूण केलेले दुसऱ्यात आणि फक्त तिसऱ्यावर खूण केलेले तिसऱ्यात. प्रत्येक ढीग पिसून पत्त्यांसारखा चार संघांत वाटा. बायका-पुरुषांचं प्रमाण फारच विषम पडलं तर त्याच ढिगातल्या दोन चिठ्ठ्या अदलाबदल करा. 64 जणांचे 16-16 चे चार संघ झाले. साहेबांची चिठ्ठीही याच ढिगात असते. ते ज्या संघात पडतील त्या संघाचे कप्तान मात्र त्यांनी होऊ नये, कारण मग संघातलं कोणीच त्यांना "तुम्ही या फेरीत बाहेर बसा" म्हणू शकत नाही.

आता खेळाडूंच्या जागा मोजा. प्रत्येक संघातून रिलेला 6, क्रिकेटला 8, रस्सीखेचेला 8 आणि कॅरमला 4 जण, म्हणजे एकूण 26 जागा. माणसं 16. नियम असा करा: प्रत्येकाने किमान एक खेळ खेळायचा आणि कोणीही दोनपेक्षा जास्त खेळायचे नाहीत. मग 10 जणांना दोन-दोन खेळ मिळतात, 6 जणांना एक-एक, आणि 26 जागा बरोबर भरतात. क्रिकेट आणि कॅरम एकाच वेळी चालणार आहेत, त्यामुळे त्या दोन यादींत एकच नाव नको.

हा एक नियम बाकी सगळ्या नियमांपेक्षा जास्त काम करतो. तो नसेल तर संघातले चार तगडे गडी चारही खेळ खेळतात, दमतात, चौथ्या खेळात जखमी होतात, आणि बाकीचे बारा जण टाळ्या वाजवतात.

तपासा: चारही संघांच्या याद्या दोन दिवस आधी हातात हव्यात. एकही नाव शून्य वेळा किंवा तीन वेळा आलेलं नको. खेळ सुरू होईपर्यंत कोणीही कारण न सांगता आपली जागा बदलू शकतो, हे यादीच्या खालीच लिहा. पाळी असेल, रात्री झोप झाली नसेल, पाठ धरली असेल. त्याने किंवा तिने ते कप्तानाला समजावत बसायची गरज नाही.

## टप्पा 5: खेळांचे नियम एका पानावर लिहा

### मिश्र रिले

सहा जणांचे सहा टप्पे. सगळे एकाच सरळ पट्ट्यात, वळण नाही, कारण वेगात वळताना घोटा मुरगळतो.

1. 60 मीटर चाल. एक पाऊल सतत जमिनीवर हवं. पळालं तर पंच जागीच थांबवून पाच आकडे मोजायला लावतो.
2. नेम. खुर्चीवर बसून 3 मीटरवरच्या बादलीत मऊ चेंडू टाकायचे. तीन पडले की पुढचा निघतो.
3. 40 मीटर धाव.
4. लिंबू-चमचा, 20 मीटर.
5. 40 मीटर धाव.
6. टेबलावर मोठ्या तुकड्यांचं चित्रकोडं जुळवणं.

हातात काठी द्यायची नाही. जमिनीवरच्या रिंगणात आधीच्याचे दोन्ही पाय आले, किंवा चाकाची खुर्ची आली, की पुढचा निघतो. त्यामुळे धडक होत नाही. शेवटचा टप्पा मुद्दाम टेबलावरचा आहे. धावणाऱ्यांनी मिळवलेली आघाडी तिथे टिकते किंवा जाते, आणि संपूर्ण संघ बसलेल्या माणसाभोवती गोळा होतो. तो मात्र चार हात लांब. मदत केली तर पाच सेकंदांचा दंड.

सूचना: लिंबाचा चमचा तोंडात धरायचा नाही, हातात धरायचा. लहानपणी सगळ्यांनी तोंडात धरलेला असतो म्हणून कोणाला खटकत नाही. पण चमचा दातांत असताना तोंडावर पडलं तर दात जातात किंवा घशाला इजा होते.

### जोडी क्रिकेट

ऑफिसच्या क्रिकेटमध्ये दोघे फलंदाजी करतात, दोघे गोलंदाजी करतात आणि बाकीचे फाइन लेगला उभे राहतात. पहिल्याच चेंडूवर बाद झालेली व्यक्ती पुढच्या वर्षी नाव देत नाही. बंदिस्त जाळीत खेळल्या जाणाऱ्या इनडोअर क्रिकेटने यावर उपाय शोधलेला आहे. तिथे आठ जण जोड्यांनी खेळतात आणि बाद झाल्यावर बाहेर न जाता संघाच्या 5 धावा वजा होतात. आपण तेच थोडं बदलून घेऊ.

आठ जणांच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीला दोन षटकं. पहिलं षटक एकाने खेळायचं, दुसरं दुसऱ्याने, म्हणजे प्रत्येकाला बरोबर सहा चेंडू मिळतात. आठ षटकं आठ जणांनी टाकायची, प्रत्येकी एक. चेंडू टेनिसचा, गोलंदाजी खांद्याखालून. ज्याला अंतर झेपत नाही त्याने जवळच्या रेघेवरून टाकावा.

धावा पळून काढायच्या नाहीत. क्रिकेटवेडे यावर कुरकुरतात, पण मी यावर ठाम आहे. धावबाद नाही म्हणजे धडक नाही, आणि गुडघेदुखी असलेली किंवा चाकाच्या खुर्चीवर बसलेली व्यक्तीही बाकीच्यांच्या बरोबरीने फलंदाजी करते. चेंडू अर्ध्या मैदानाची रेघ ओलांडून गेला तर 1, बाजूच्या जाळीला जमिनीवरून लागला तर 2, समोरच्या जाळीला जमिनीवरून लागला तर 4. उंच मारलेला चेंडू थेट जाळीला लागला तर शून्य. वाइड किंवा नो-बॉलला 2 धावा, पण जादा चेंडू नाही. नाहीतर नवख्या गोलंदाजाचं षटक पंधरा चेंडूंचं होतं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एका डावाचा हिशेब बघा.

पहिली जोडी: 19 धावा, दोनदा बाद, म्हणून 10 वजा. हाती 9.
दुसरी जोडी: 14 धावा, एकदा बाद. हाती 9.
तिसरी जोडी: 6 धावा, एकदाही बाद नाही. हाती 6.
चौथी जोडी: 23 धावा, चारदा बाद, म्हणून 20 वजा. हाती 3.

डावाची एकूण धावसंख्या 27. सगळ्यात जास्त धावा कुटणाऱ्या जोडीने संघाला तीन दिल्या, आणि शांतपणे चेंडू अडवत राहिलेल्या जोडीने सहा. पहिला डाव संपेपर्यंत हे सगळ्यांच्या लक्षात येतं. मग जोरात बॅट फिरवणारे आपोआप सावध होतात आणि ज्यांनी आयुष्यात बॅट धरली नव्हती त्यांच्याकडे संघ भरवशाने बघू लागतो.

तपासा: गुण लिहिणाऱ्याकडे आधीच छापलेला तक्ता हवा. प्रत्येक जोडीसाठी "धावा", "बाद" आणि "हाती" असे तीन रकाने. बाद झाल्यावरचे 5 जागच्या जागी वजा करू नका. जोडी संपल्यावर एकदम करा, चुका कमी होतात.

### रस्सीखेच

दिसायला साधा आणि नियमांकडे दुर्लक्ष केलं तर सगळ्यात धोकादायक खेळ हाच. 1997 साली तैपेईत 1,600 हून अधिक लोकांनी एकत्र खेचलेला दोर तुटला आणि दोघांचे हात तुटले. ऑफिसात इतकी माणसं नसतात, पण मनगटाला गुंडाळलेला दोर आठ जणांच्या जोरानेही बोटं मोडतो.

दोर भाड्याने घ्या, स्पर्धेचा. त्याचा घेर 10 ते 12.5 सेंटिमीटर आणि लांबी 33.5 मीटरच्या पुढे असते. तो सुती किंवा मनिला या नैसर्गिक धाग्याचा असावा. टेम्पोला बांधायचा नायलॉनचा दोर चालणार नाही. तो ताणला जातो आणि तुटला तर चाबकासारखा उलटा येतो, शिवाय हातातून सरकताना तळवा भाजतो. आदल्या दिवशी संपूर्ण दोर हातातून फिरवून बघा. कुठे धागे सुटलेले, कुजलेला वास किंवा गाठ असेल तर तो परत करा.

दोराच्या मध्यावर एक खूण आणि तिच्या दोन्ही बाजूंना 4 मीटरवर एकेक खूण करा. जमिनीवर मध्यरेघ आखा. एका संघाच्या बाजूची खूण मध्यरेघेवर ओढली गेली की तो संघ हरला. तीनपैकी दोन ओढी जिंकायच्या, प्रत्येक ओढीनंतर बाजू बदलायच्या. एक ओढ जास्तीत जास्त एक मिनिट. तेवढ्यात निकाल लागला नाही तर मधली खूण ज्यांच्याकडे सरकली आहे ते जिंकले. हे मिनिट महत्त्वाचं आहे. लोक श्वास रोखून खेचतात, त्याने रक्तदाब एकदम चढतो, आणि ईर्ष्येला पेटलेला माणूस स्वतःहून थांबत नाही.

आठांत किमान तीन बायका आणि किमान तीन पुरुष असावेत. वजन करू नका. स्पर्धांमध्ये संघाचं एकूण वजन बघतात ते योग्यच आहे, पण ऑफिसात सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायला लावणं हा अपमान आहे. चिठ्ठ्या वाटून केलेले संघ पुरेसे बरोबरीचे होतात.

पंचाने तीनच शब्द वापरायचे: "धरा", "ताणा", "ओढा". शिट्टी वाजली की दोन्ही संघांनी जोर कमी करायचा, पण दोर सोडायचा नाही. जिंकलेला संघ हात वर करून दोर सोडतो तेव्हा अजून जोर लावत असलेला समोरचा संघ पाठीवर आपटतो. रस्सीखेचेतले बहुतेक अपघात मी ओढ संपल्यानंतरच होताना बघितले आहेत.

बाकी मनाई थोडक्यात: मनगटाला किंवा कंबरेला दोर गुंडाळायचा नाही, दोराला फास किंवा गाठ नाही, अंगठी-कडं-बांगड्या-घड्याळ काढून ठेवायचं, अनवाणी किंवा चपलेत खेचायचं नाही. हातमोजे चालतील. कृत्रिम टर्फवर नको, पडल्यावर कातडी सोलते.

### कॅरम दुहेरी

प्रत्येक संघाच्या दोन जोड्या, चार बोर्ड, एका सामन्याला 40 मिनिटं. वेळ संपेल तेव्हा दोन्ही बोर्डांचे मिळून गुण धरायचे. बोर्ड टेबलावर ठेवा, चाकाची खुर्ची खाली जाईल अशा टेबलावर, आणि सावलीत.

## टप्पा 6: गुण सारखेच

प्रत्येक खेळात पहिल्याला 4, मग 3, 2, 1. कॅरमलाही तेवढेच आणि रस्सीखेचेलाही तेवढेच. "रस्सीखेच मोठी, तिला दुप्पट" असं कोणीतरी सुचवेलच. तसं केलंत तर बसून खेळणाऱ्यांचा खेळ बिनमहत्त्वाचा आहे असं तुम्हीच जाहीर करता. बरोबरी झाली तर कॅरममधला क्रमांक बघायचा, हे आधीच कागदावर लिहा. वादाच्या वेळी फक्त कप्तानाने बोलायचं, मुख्य पंचाने दोन मिनिटांत निर्णय द्यायचा.

## टप्पा 7: दिवसाचं वेळापत्रक

8:00 हजेरी, पाणी, हलका नाश्ता. वडापावचा बेत नंतर.
8:20 अंग गरम करणं.
8:40 क्रिकेटची पहिली फेरी दोन्ही टर्फवर, कॅरमची पहिली फेरी शेजारी.
9:50 पाच मिनिटं पुन्हा अंग गरम करणं, मग रिले.
10:25 क्रिकेट आणि कॅरमची दुसरी फेरी. जिंकलेले विरुद्ध जिंकलेले, हरलेले विरुद्ध हरलेले, म्हणजे कोणीही एका सामन्यात घरी जात नाही.
11:40 रस्सीखेच, त्याच पद्धतीने.
12:30 बक्षिसं, मग जेवण.

रिले दुसरी आहे, कारण तोपर्यंत दव वाळलेलं असतं आणि पाय दमलेले नसतात. मांडीमागचा स्नायू बहुतेक वेळा थंड अंगाने किंवा थकलेल्या पायांनी वेगात धावताना फाटतो. जेवणानंतर काहीही खेळायचं नाही.

अंग गरम करणं म्हणजे जागेवर उभं राहून स्नायू ताणणं नव्हे. पाच मिनिटं चाल, मग हलकं जॉगिंग किंवा जागेवर चाल, मग गुडघे वर, टाचा मागे, हात गोल, आणि शेवटी धावणाऱ्यांनी 20 मीटरच्या दोन-तीन धावा, आधी अर्ध्या वेगाने, मग थोड्या जास्त. शिकवणाऱ्याने कोणाच्याही अंगाला हात लावून शरीर वळवायचं नाही, तोंडी सांगायचं. क्रीडादिनही कामाचाच भाग आहे, आणि 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याच्या लेखी हे मैदान म्हणजे कामाचं ठिकाणच.

## टप्पा 8: प्रथमोपचार आणि थांबवण्याचा अधिकार

न खेळणाऱ्यांपैकी दोघांना फक्त हेच काम द्या. त्यांच्यापैकी एकाला छाती दाबण्याचं प्रशिक्षण आधी मिळालेलं असावं. एक गाडी फाटकाकडे तोंड करून उभी, तिचा चालक खेळाडू नसलेला. जवळचं 24 तास चालणारं रुग्णालय आदल्या दिवशी बघून ठेवा.

पेटीत: क्रेप बँडेज, जाळीचे कापड, चिकटपट्टी, जंतुनाशक, हातमोजे, ओआरएस, ग्लुकोजची बिस्किटं, आणि थर्मोकोलच्या डब्यात बर्फ. ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच कालवा. ग्लासभर पाण्यात मोठं पाकीट ओतलं तर मीठ फार होतं आणि पोट बिघडतं.

कशाला काय करायचं ते इतकंच लक्षात ठेवा. मुरगळलं तर खेळ बंद, कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उंचावर. वजन टाकताच येत नसेल तर एक्स-रे. टाचेच्या वर मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, "टक" आवाज आला आणि टाच उचलता येत नाही, तर स्नायूबंध तुटला असण्याची शक्यता आहे. चोळू नका, रुग्णालयात न्या. डोक्याला मार लागला तर तो माणूस त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, तो कितीही "बरा आहे" म्हणाला तरी.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम: आपल्याकडे याला पहिल्यांदा ॲसिडिटीच म्हणतात आणि सोडा प्यायला देतात. ते करू नका. बसवा, 108 ला फोन करा. माणूस बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करा. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत माणसं बदलत.

प्रथमोपचार पाहणाऱ्या दोघांना खेळ थांबवण्याचा आणि कोणालाही बसवण्याचा पूर्ण अधिकार आहे, साहेबांनाही, हे सकाळी साहेबांनीच माइकवरून सांगावं. ज्युनियर पोरीने सांगितलं म्हणून मॅनेजर बसत नाही, पण हे आधी जाहीर झालेलं असेल तर बसतो.

## सुरू करण्याआधीची शेवटची फेरी

8:15 ला मुख्य पंच आणि प्रथमोपचारवाले मिळून मैदानावर एक फेरी मारा. गवत कोरडं आहे का हे मात्र रिलेच्या आधी बघा. शेवटच्या रेघेपलीकडे 10 मीटर मोकळे आहेत का. दोर सावलीत आहे का. पाणी चारही संघांच्या हाताशी आहे का. फाटकाचं कुलूप उघडं आहे का. बर्फ आला आहे का. यातलं एक जरी "नाही" असलं तर शिट्टी थांबवा.

## क्रीडादिनानंतर

सोमवारी ऑफिसात पहिल्या तासात सगळ्या कप्तानांना विचारा: कोणाला अजून दुखतंय, कोण आलं नाही. लहान-मोठी प्रत्येक इजा वहीत लिहा: कोणता खेळ, कोणती वेळ, कोणती जागा, पायात काय होतं. आमच्या वहीत पहिल्या वर्षी सात नोंदी होत्या, त्यांतल्या पाच रिलेच्या शेवटच्या रेघेजवळच्या आणि दोन ओढ संपल्यावर दोर सोडल्याच्या. वरचे नियम त्या सात नोंदींतूनच आले आहेत. दोर परत देण्याआधी उन्हात वाळवा, ओला गुंडाळला तर आतून कुजतो.